नेटमध्ये लेन्स, अभ्यासिकेत चष्मा

तो दुकानात आला तेव्हा चष्म्याची उजवी काडी बाहेरच्या अंगाला वाकलेली होती. "काका, एवढी सरळ करून द्या ना." महिन्याभरात ही तिसरी खेप. काडी का वाकते ते विचारलं, तर म्हणाला, आधी चष्मा काढायचा, मग हेल्मेट घालायचं, मग जाळीच्या फटीतून एकेक काडी आत सरकवायची. आउट झालो की उलटं. वय १९, इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष. सकाळी सहा ते साडेआठ नेट, मग कॉलेज, संध्याकाळी सातपासून अकरापर्यंत सदाशिव पेठेतली एसी अभ्यासिका. नंबर उजव्याला मायनस सव्वातीन, डाव्याला मायनस पावणेतीन आणि अर्ध्याचा सिलिंडर. सोबत वडील होते. त्यांचा प्रश्न सरळ होता: "एकदा काय ते ठरवा. चष्मा की लेन्स?"

पुण्यात चष्म्याच्या व्यवसायात मला बरीच वर्षं झाली. हा प्रश्न मला अजून कुणी वेगळ्या शब्दांत विचारलेला नाही, आणि मी त्याचं एका शब्दात उत्तर देत नाही.

आधी चष्म्याची बाजू. चष्मा लावून क्रिकेट खेळता येत नाही असं कुणी म्हणालं तर क्लाइव्ह लॉइड आणि डॅनियल व्हेटोरी आठवा. दिलीप दोशीही चष्म्यातूनच बोलिंग टाकत. अनिल कुंबळेला सुरुवातीच्या काळात आपण जाड फ्रेमच्या चष्म्यात पाहिलंय, पुढे तो लेन्सकडे वळला. तेव्हा प्रश्न जमतं की नाही हा नाही, अडतं कुठे हा आहे.

ते पाहण्यासाठी मी मुलाच्या हातात दुकानातली छत्री दिली आणि म्हटलं, घे स्टान्स. उजव्या हाताने खेळणाऱ्याला बोलर डाव्या खांद्यावरून दिसतो. डोकं पूर्ण वळलं तर ठीक, पण थोडं जरी कमी वळलं तरी उजवा डोळा काचेच्या मधून न बघता नाकाजवळच्या कडेतून बघू लागतो. तिथे फ्रेमची कड आणि नाकावर टेकणारा पॅड मध्ये येतो. शिवाय काचेच्या कडेतून दिसणारं चित्र मधल्या भागाइतकं स्वच्छ नसतं. समोर पेन्सिल धरून एक डोळा झाकायला सांगितला तेव्हा त्याला ते कळलं. "काका, पेन्सिल फ्रेमला कापली जातेय." ताशी ११० किलोमीटरने सुटलेला चेंडू बॅटपर्यंत यायला साधारण सहा दशांश सेकंद घेतो. त्यातला थोडा वेळ चेंडू कडेतून जात असेल, तर फलंदाज उशिरा खेळतो आणि कोच म्हणतो, फूटवर्क सुधार.

उंच झेलाचंही तेच. मान मागे टाकायच्या आधी डोळे वर जातात आणि फ्रेमच्या वरच्या कडेबाहेर सव्वातीन नंबरच्या माणसाला आकाशात फक्त एक पुसट ठिपका दिसतो. त्यात घाम आणि हेल्मेटच्या आत काचांवर धरणारी वाफ. मैदानापुरता माझा कौल लेन्सकडे गेला तो या कारणांनी. लेन्स डोळ्यावरच बसते आणि डोळ्याबरोबर फिरते, त्यामुळे नजर कुठेही गेली तरी डोळा काचेच्या मधूनच बघतो. चष्म्याची काच डोळ्यापासून सव्वा सेंटिमीटरच्या आसपास दूर असते आणि मायनस नंबरची काच सगळं किंचित लहान दाखवते. लेन्समध्ये तो फरक जवळजवळ राहत नाही.

डाव्या डोळ्याच्या सिलिंडरची वडिलांना काळजी होती. सिलिंडर पाऊण किंवा जास्त असेल तर त्यासाठी वेगळी, टोरिक लेन्स लागते. ती डोळ्यात ठरावीक दिशेनेच स्थिर राहावी लागते आणि फिरली की धूसर दिसतं. अर्ध्यासाठी तो खटाटोप करत नाहीत. सिलिंडरचा निम्मा भाग साध्या नंबरात मिळवतात. म्हणजे पावणेतीनात पाव मिळवून मायनस तीनची साधी लेन्स. दोन्ही लेन्स घालून त्याला अर्धा तास बसवला आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. पापणी मिटली की लेन्स जराशी हलली पाहिजे. अजिबात हलत नसेल तर ती घट्ट बसली आहे आणि तिच्याखाली अश्रू खेळत नाहीत. ही तपासणी न करता नुसता चष्म्याचा नंबर सांगून लेन्सचा डबा मागवणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की लेन्सला नंबराबरोबर वक्रता आणि व्यासही असतो.

मग प्रश्न आला, महिन्याची लेन्स की रोजची. महिन्याची लेन्स पाकीट उघडल्या दिवसापासून मोजतात. दहाच दिवस वापरली म्हणून ती पुढच्या महिन्यात चालत नाही. ती रोज रात्री तळहातावर सोल्यूशनमध्ये चोळून धुवावी लागते, डबीतलं जुनं सोल्यूशन फेकून नवं भरावं लागतं आणि डबीही दर तीन महिन्यांनी बदलावी लागते. आता खरं सांगा, दोन तास नेट करून धुळीने माखलेला १९ वर्षांचा मुलगा यातलं किती करेल? मी त्याला रोजची, वापरून टाकून द्यायची लेन्स सुचवली. महिन्यात २६ दिवस खेळला तर दोन्ही डोळ्यांच्या मिळून ५२ लेन्स. महाग पडते, वडिलांचा चेहरा सांगतच होता. पण सोल्यूशन आणि डबी वजा करा, आणि मुख्य म्हणजे काल मैदानावर लेन्सवर बसलेलं जे काही असेल ते आज पुन्हा डोळ्यात जात नाही. खर्च झेपत नसेल तर महिन्याची लेन्स वाईट नाही, पण मग रात्रीचं धुणं चुकवायचं नाही.

एवढं झाल्यावर मुलगा म्हणाला, "मग चष्मा बंदच करतो. सकाळी घातल्या की रात्री अभ्यासिकेतून आल्यावर काढीन." नेमकं हेच करू नये. पाच ते अकरा म्हणजे १८ तास.

वाचताना माणूस पापण्या मिटायला विसरतो. एरवी मिनिटाला पंधरा-वीस वेळा मिटणारी पापणी पडद्याकडे बघताना पाच-सात वेळांवर येते आणि तीही बरेचदा अर्धीच मिटते. लेन्स ओली राहते ती पापणीने पसरवलेल्या अश्रूंमुळे. त्यात डोक्यावर एसी. रात्री नऊच्या सुमारास अक्षरं धूसर होतात, पापणी मिटली की क्षणभर स्वच्छ दिसतं आणि पुन्हा धूसर. मुलांना वाटतं नंबर वाढला. नंबर तिथेच असतो, लेन्स सुकलेली असते. ओळखायची खूण हीच: पापणी मिटल्यावर सुधारलं तर कोरडेपणा, नाही सुधारलं तर नंबर तपासा.

दुसरं कारण कमी लोकांना ठाऊक असतं. मायनस नंबरच्या माणसाला जवळचं वाचताना चष्मा थोडी मदत करतो. काच डोळ्यापासून दूर असल्याने त्याच्या डोळ्याला लेन्सपेक्षा किंचित कमी जोर लावावा लागतो. सव्वातीन नंबरला हा फरक छोटा आहे, सहा नंबरवाल्याला जवळजवळ दुप्पट. एका तासात कळणार नाही, पण चार तासांच्या बैठकीनंतर कपाळ जड होतं त्यात याचाही वाटा असू शकतो. उलट आमच्या या मुलाला तर एक सोय फुकट आहे. मायनस सव्वातीनच्या डोळ्याला चष्म्याशिवाय साधारण एक फुटावरचं स्पष्ट दिसतं. छापील पुस्तक त्या अंतरावर धरून चष्मा बाजूला ठेवून वाचलं तरी चालतं, नंबर त्याने वाढत नाही. लॅपटॉपला मात्र चष्मा हवा.

म्हणून ठरलं ते असं. सकाळी साबणाने हात धुऊन, कोरडे करून लेन्स घालायच्या आणि त्यानंतरच तोंडाला सनस्क्रीन लावायचं. आधी सनस्क्रीन लावलं तर बोटांवरचं तेल लेन्सवर जातं. नेट संपलं की नऊच्या आत लेन्स काढून कचऱ्यात आणि डोळ्यावर चष्मा. मॅच दिवसभराची असेल तर लेन्स दिवसभर. किटबॅगेत जास्तीची एक जोडी आणि डबीत चष्मा कायम. धूळ गेली तर डोळा चोळायचा नाही, लेन्स काढून टाकायची आणि हात धुऊन नवी घालायची.

एका गोष्टीवर मी आवाज चढवला. नेट संपल्यावर मुलं मैदानावरच्या नळाखाली तोंड धरतात. डोळ्यात लेन्स असताना ते करायचं नाही. नळाच्या, टाकीच्या, विहिरीच्या पाण्यात अकँथअमीबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. तो लेन्सला चिकटून पारपटलात, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात शिरला तर उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि नजर पूर्ण परत येईलच असं नाही. पोहताना, अंघोळ करताना लेन्स नको ती याचसाठी. पडलेली लेन्स बिसलेरीच्या पाण्याने धुणं आणि थुंकी लावून घालणं हेही त्याच जातीचं. लेन्स घालून झोपणं तर त्याहून वाईट, कारण पारपटल प्राणवायू हवेतून घेतं आणि बंद पापणीखाली लेन्सची आणखी एक भिंत उभी राहते.

लेन्सला नावं ठेवायची नाहीत, पण ती डोळ्याचं रक्षण करत नाही. चेंडू लागला तर लेन्स काहीही अडवत नाही. जाळीचं हेल्मेट हवंच. आणि ज्यांना चष्म्यातच खेळायचंय त्यांनी काचेच्या काचा वापरू नयेत, पॉलिकार्बोनेटच्या घ्याव्यात. त्या लवकर ओरखडतात, पण सहज फुटत नाहीत. रबरी नाकपॅड आणि मागे पट्टा असलेली खेळाची फ्रेम मिळते, तिच्यात त्या बसवता येतात. ज्याचा नंबर पाऊणच आहे, किंवा ज्याला धुळीची ॲलर्जी असून सतत डोळे चोळायची सवय आहे, त्याला मी लेन्सऐवजी हीच सुचवतो.

पूर्वी एक मुलगी माझ्याकडे लाल डोळा घेऊन चौथ्या दिवशी आली. तीन दिवस मेडिकलमधून आणलेले थेंब घालत होती, वरून लेन्सही चालू. बुबुळावर पांढरा डाग दिसत होता. त्याच दुपारी तिला नेत्रतज्ज्ञाकडे पाठवलं. डोळा वाचला, पण डागाचा व्रण राहिला. लेन्स काढूनही तासाभरात दुखणं कमी झालं नाही, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसू लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. काढलेली लेन्स आणि डबी फेकू नका, सोबत न्या. जंतू कोणता ते बरेचदा त्यातून सापडतं. स्टिरॉइडचे थेंब मनाने घालू नका.

आणि डोळा जरा जरी लाल असेल, त्या सकाळी लेन्सचं पाकीट उघडूच नका. चष्मा लावून खेळा, नाहीतर त्या दिवशी बसून स्कोअर लिहा.