सॉल्ट (संगणक सुरक्षा)

सॉल्ट म्हणजे पासवर्ड साठवण्यापूर्वी त्याला जोडला जाणारा यादृच्छिक मजकूर होय. संगणक मूळ पासवर्डाऐवजी या जोडीपासून काढलेला हॅश, म्हणजेच उलट न फिरवता येणारे गणिती रूप, साठवतो. सॉल्ट नसल्यास समान पासवर्डांचे हॅशही समान येतात आणि आधीच तयार केलेले एकच कोष्टक सर्व खात्यांना लागू पडते.

सॉल्ट गुप्त ठेवावा लागत नाही. तो हॅशसोबतच साठवतात. तो कळला तरी हल्लेखोराला प्रत्येक खात्यासाठी सर्व अंदाज नव्याने पडताळावे लागतात.

सॉल्ट पुरेसा लांब असावा लागतो. रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्प्सन यांनी १९७९ मध्ये वर्णिलेल्या युनिक्सच्या पद्धतीत तो १२ बिटांचा, म्हणजे ४,०९६ प्रकारचा होता. त्यामुळे सुमारे ७६ खात्यांतच दोघांचा सॉल्ट जुळण्याची शक्यता निम्मी होते. नंतरच्या बीक्रिप्ट पद्धतीत १२८ बिटांचा सॉल्ट असल्याने तो योग्य रीतीने यादृच्छिक निवडल्यास असा योगायोग व्यवहारात घडत नाही.

मात्र एकाच खात्यावर रोख असल्यास सॉल्ट दुबळ्या पासवर्डाला वाचवू शकत नाही. त्यासाठी हॅश काढण्याची क्रिया मुद्दाम संथ ठेवतात.