राजीनाम्यानंतरचं पत्र

"माझे सर्व येणे लवकरात लवकर द्यावे, ही नम्र विनंती." नोकरी सोडलेल्या माणसाचं पत्र बहुधा एवढ्यावरच आटोपतं. एचआरकडून "प्रोसेसमध्ये आहे" असं उत्तर येतं, आणि त्याला चूक म्हणता येत नाही, कारण पत्रात रक्कमही नसते आणि तारीखही नसते.

समजा, पिंपरीच्या एका कारखान्यात हिशेब विभागात काम करणाऱ्या बाईंनी ६ वर्षं ७ महिन्यांनी राजीनामा दिला. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २६,००० रुपये. त्यांनी पत्रात आधी राजीनाम्याची आणि शेवटच्या कामाच्या दिवसाची तारीख लिहावी. लॅपटॉप, ओळखपत्र कोणत्या दिवशी जमा केलं तेही लिहावं आणि पोच जोडावी. या पोचेअभावी 'क्लिअरन्स बाकी आहे' या सबबीवर हिशेब महिनोन्‌महिने लोंबकळतो.

मग पैसे, पण एकगठ्ठा नव्हे. राहिलेला पगार वेतन संहितेनुसार राजीनाम्यानंतरही कामाच्या दोन दिवसांत द्यायचा असतो. ग्रॅच्युइटीला तीस दिवसांची मुदत असते. २६,००० भागिले २६, गुणिले १५ म्हणजे एका वर्षाचे १५,००० रुपये. सहा महिन्यांवरचा काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणून सात वर्षांचे १,०५,००० रुपये. उशीर झाला तर त्यावर व्याजही मागता येतं. शिल्लक रजेच्या पैशांसाठी नेमणूकपत्रातला किंवा कंपनीचा नियम पाहावा. तो नियम पत्रात उतरवावा. नोटीस पीरियड पंधरा दिवस कमी भरला असेल, तर ती कपात आपणच मांडावी. आपल्या अंगाशी येणारा आकडा लपवला की बाकीच्या आकड्यांवरही शंका घेतली जाते.

अनुभवपत्र आणि रिलीव्हिंग लेटर मागताना वेगळा परिच्छेद करावा. "आधी हिशेबावर सही करा, मग पत्र देतो" हा जुना डाव आहे. रक्कम कमी वाटत असेल तर 'आता काहीही येणे नाही' अशा कागदावर मुकाट्याने सही करू नये. मिळालेली रक्कम आणि उरलेल्या रकमेवरचा हक्क राखून ठेवल्याचं तिथेच लिहावं. पीएफच्या नोंदीत नोकरी सोडल्याची तारीख भरून घ्यायलाही याच पत्रात सांगावं. कंपनीने ती भरलीच नाही, तर दोन महिन्यांनंतर सदस्याला पोर्टलवर स्वतः नोंदवता येते.

पत्र ईमेलने पाठवावं आणि स्पीड पोस्टानेही. धमकीची भाषा नको. उत्तरासाठी तारीख द्यावी. ती उलटली तर ग्रॅच्युइटीसाठी कामगार खात्याच्या सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि तिथे हेच पत्र पहिला कागद म्हणून जोडायचं असतं.