चेक कंपनीचा, आरोपी कोण?

शिरोली एमआयडीसीतली एक छोटी फाउंड्री उदाहरणासाठी घेऊ. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, तीन संचालक. थोरला भाऊ मॅनेजिंग डायरेक्टर, धाकटा भाऊ खरेदी आणि बँकेचं काम बघतो, आणि थोरल्याची बायको कागदोपत्री संचालक आहे. कारखान्यात ती कधी बसत नाही. कंपनीनं पिग आयर्न आणि स्क्रॅप उधारीवर घेतलं, बिल झालं अठरा लाखांचं. धाकट्यानं कंपनीच्या खात्याचा चेक सही करून दिला. खात्यात पैसे नव्हते आणि चेक परत आला.

माल देणारा व्यापारी चिडून म्हणतो, "यांचे बंगले आहेत, गाड्या आहेत, त्यातून वसूल करा." पण वसुलीचा दिवाणी दावा कंपनीवरच चालतो. १८९६ साली इंग्लंडमध्ये सॅलोमन नावाच्या चर्मोद्योजकाच्या खटल्यात ठरलं की कंपनी ही तिच्या मालकापेक्षा वेगळी कायदेशीर व्यक्ती आहे, आणि आपल्याकडेही तेच तत्त्व चालतं. अठरा लाखांचं देणं फाउंड्रीचं आहे. कुणी वैयक्तिक हमी लिहून दिली नसेल, तर भावांच्या घरावर त्या देण्यापोटी बोट ठेवता येत नाही.

चेक परत आल्यावर मात्र गोष्ट फक्त देण्याची राहत नाही. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली तो गुन्हा होऊ शकतो. कंपनीला दंड करता येतो, पण तुरुंगात घालता येत नाही. म्हणून कलम १४१ कंपनीच्या मागे उभ्या असलेल्या माणसांपर्यंत पोहोचतं. कंपनीचा वेगळेपणा हे कलम नाकारत नाही. गुन्हा कंपनीनं केला असं धरूनच ते विचारतं की त्या वेळी कंपनीचा कारभार कुणाच्या हातात होता.

गुन्हा चेक परत आल्याक्षणी पूर्ण होत नाही. चेक न वटल्याचं बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत व्यापाऱ्यानं लेखी नोटीस पाठवायची असते. समजा ५ मे रोजी कळलं आणि नोटीस फाउंड्रीला २० मे रोजी मिळाली. त्यानंतर पंधरा दिवस, म्हणजे ४ जूनपर्यंत, कंपनीला पैसे देण्याची मुभा आहे. तोवर पैसे आले नाहीत, तर गुन्हा घडला. त्यापुढे एक महिन्याच्या आत न्यायालयात तक्रार द्यावी लागते. ती कुठे द्यायची, हे व्यापाऱ्यानं चेक कुठल्या शाखेतल्या खात्यात भरला यावर ठरतं. खातं कोल्हापुरातल्या शाखेत असेल, तर खटला कोल्हापुरातच चालतो.

इथे संचालक एक चूक करतात. "मला वेगळी नोटीस आलीच नाही," असं म्हणून ते निश्चिंत राहतात. कंपनीला दिलेली नोटीस पुरेशी आहे, प्रत्येक संचालकाला वेगळी पाठवावी लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये स्पष्ट केलं आहे. कारभार बघणाऱ्याला कंपनीला आलेली नोटीस माहीत असणारच, हा त्यामागचा विचार.

तक्रारदाराचीही एक चूक नेहमी दिसते. तो फक्त संचालकांची नावं लिहितो आणि कंपनीला आरोपी करायचं विसरतो. मुख्य आरोपी कंपनीच असल्यामुळे, तिला न जोडता संचालकावर खटला टिकत नाही. २०१२ च्या अनिता हाडा निकालानं ही गोष्ट पक्की केली.

आता आपल्या तिघांचं काय? २००५ मध्ये एसएमएस फार्मास्युटिकल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं जी मांडणी केली, तीच आजही मोजमाप आहे. मॅनेजिंग डायरेक्टर पदानंच कारभाराला जबाबदार असतो, त्यामुळे थोरला भाऊ आरोपीच्या रांगेत येतो. चेकवर सही करणारा त्या व्यवहाराला स्वतः जबाबदार धरला जातो, म्हणून धाकटाही येतो. थोरल्याची बायको मात्र केवळ संचालक आहे म्हणून अडकत नाही. गुन्ह्याच्या वेळी ती रोजच्या कारभाराची सूत्रं सांभाळत होती आणि त्याला जबाबदार होती, असं तक्रारीत म्हणावं लागतं; आणि पुढे ते सिद्धही करावं लागतं.

तक्रारीत ते वाक्य आहे आणि तरी ते खरं नाही, तर? मग ठोस कागद लागतो. चेक देण्याआधीच राजीनामा दिला असेल आणि त्याची नोंद कंपनी निबंधकाकडच्या नमुन्यात असेल, तर त्या कागदाच्या जोरावर उच्च न्यायालयाकडून आपल्याविरुद्धची कारवाई रद्द करून घेता येते. राजीनाम्याचं पत्र कपाटात ठेवून भागत नाही, ते निबंधकाकडे नोंदलं जायला हवं. अशा अर्जासाठी पूर्वी कोल्हापूरकरांना मुंबई गाठावी लागे. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे.

संचालकाची जबाबदारी कुठवर जाते, हे साखर पट्ट्यातल्या एका खटल्यातून नीट कळतं. श्री गुरुदत्त शुगर्स मार्केटिंग विरुद्ध पृथ्वीराज सयाजीराव देशमुख या प्रकरणात २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. प्रश्न अंतरिम भरपाईचा होता. २०१८ पासून कलम १४३अ नुसार खटला चालू असतानाच, चेकच्या रकमेच्या वीस टक्क्यांपर्यंत भरपाई देण्याचा हुकूम चेक काढणाऱ्याला करता येतो. मग कंपनीच्या वतीनं सही करणारा माणूस "चेक काढणारा" ठरतो का?

सर्वोच्च न्यायालयानं मुंबई उच्च न्यायालयाचा दृष्टिकोन कायम ठेवला: ठरत नाही. खातं कंपनीचं, चेक कंपनीचा, म्हणून काढणारी कंपनीच. सही करणारा तिच्यासाठी हात चालवतो, त्यामुळे अंतरिम भरपाईचा बोजा त्याच्या डोक्यावर टाकता येत नाही. पण त्याचा अर्थ तो खटल्यातून सुटला असा नाही. कलम १४१ खालची त्याची जबाबदारी तशीच राहते.

आपल्या उदाहरणात याचा अर्थ असा. खटला चालू असताना अठरा लाखांचे वीस टक्के, म्हणजे तीन लाख साठ हजारांपर्यंत भरण्याचा हुकूम फाउंड्रीला होऊ शकेल, पण धाकट्या भावाच्या बचत खात्यातून ते मागता येणार नाहीत. खटल्याच्या शेवटी तो दोषी ठरला, तर मात्र त्याला स्वतःला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत, म्हणजे छत्तीस लाखांपर्यंत, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हा दंड कंपनीच्या देण्याची वसुली नसतो. ती त्याची स्वतःची शिक्षा असते, म्हणून ती त्याच्या स्वतःच्या खिशातून जाते.

कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, तर सगळे सुटतात हा समजही खोटा आहे. त्या काळात कंपनीविरुद्धची चेकची कारवाई थांबते, पण संचालकांविरुद्धची चालू राहते, असं २०२१ च्या पी. मोहनराज निकालात सांगितलं आहे. कंपनीची ढाल असते ती कंपनीच्या देण्यापुरती. गुन्हा स्वतःचा असेल, तर तिच्याआड उभं राहता येत नाही.

म्हणून कंपनीच्या चेकवर सही करणाऱ्यानं तो कुठल्या बिलासाठी आहे आणि वटायच्या दिवशी खात्यात किती असणार, हे आधी बघावं. नोटीस आलीच, तर ती कंपनीच्या नावानं आली असली तरी तारीख लिहून ठेवावी. पैसे जमत असतील, तर त्या पंधरा दिवसांत देऊन टाकले की गुन्हा घडतच नाही.