दोन टोकांमागे दडलेली एकच बॅटरी

12 व्होल्टच्या बॅटरीला 6 आणि 3 किलोओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडले आहेत. 3 किलोओहमच्या दोन टोकांवरून आपल्याला वीज घ्यायची आहे. दर वेळी भार बदलला की सगळं गणित पुन्हा मांडायचं का?

फ्रेंच तार अभियंता लिओन शार्ल तेव्हनँ याने 1883 मध्ये सोपी वाट दाखवली. टोकं मोकळी ठेवून व्होल्टेज काढा: 4 व्होल्ट. मग बॅटरीच्या जागी नुसती तार आहे असं धरून टोकांतून आत पाहा. 6 आणि 3 किलोओहम समांतर दिसतात, म्हणजे 2 किलोओहम. आता सगळं सर्किट म्हणजे 4 व्होल्टचा स्रोत आणि त्याच्यापुढे 2 किलोओहम. 2 किलोओहमचा भार लावला तर त्याला 2 व्होल्ट मिळतात, 6 किलोओहमला 3.

भार एकदाच लावायचा असेल, तर या खटाटोपाचा फारसा फायदा नाही. आत डायोडसारखा अरेषीय घटक असेल, तर ही अदलाबदल सरसकट चालत नाही. शिवाय ती फक्त बाहेरच्या भारापुरती खरी आहे: टोकं मोकळी असतानाही मूळ रेझिस्टर 16 मिलिवॅट खातात, प्रतिरूपात मात्र शून्य दिसतं.