लाल ठशावरचा देश

घराचा करार किंवा भाडेकरार केलेल्या प्रत्येकाने फ्रँकिंगचा ठसा पाहिलेला असतो. कागदाच्या माथ्यावर रक्कम, एक क्रमांक आणि ‘स्टॅम्प ड्यूटी महाराष्ट्र’ अशी अक्षरे. तो ठसा राज्याच्या महसुलाचा. टपालाशी त्याचा काही संबंध नाही, जरी तो उमटवणारे यंत्र पुष्कळदा टपालाची यंत्रे बनवणाऱ्या कंपनीचेच असते. जुन्या लिफाफ्यांच्या गठ्ठ्यात असा एखादा कापलेला ठसा मिसळून येतो आणि नवखा संग्राहक त्याला भारतीय टपालाचा ठसा समजतो. यंत्र कोणाचे यापेक्षा त्या ठशाला अधिकार कोणी दिला, हा प्रश्न आधी विचारावा लागतो. टपालाच्या ठशांत या प्रश्नाचे उत्तर म्हणजे एका देशाचे टपालखाते. ते ओळखायचे कसे, ते आता पाहू.

बँका, विमा कंपन्या, मोठी कार्यालये यांना रोज शेकडो पत्रे पाठवावी लागतात आणि तेवढी तिकिटे चिकटवत बसणे परवडत नाही. म्हणून टपालखाते त्यांना मीटर बसवलेले यंत्र वापरण्याचा परवाना देते. पैसे आधी भरायचे, तेवढी रक्कम मीटरमध्ये चढवून घ्यायची. मग प्रत्येक ठशाबरोबर यंत्र त्यातून टपालखर्च वजा करत जाते आणि रक्कम संपली की थांबते. अमेरिकेच्या टपालखात्याने आर्थर पिटनी आणि वॉल्टर बोज यांच्या यंत्राला 1920 साली परवानगी दिली. त्याच वर्षी माद्रिदला भरलेल्या जागतिक टपाल संघाच्या अधिवेशनाने असे ठसे परदेशी टपालावरही चालतील असे मान्य केले. परदेशी टपालासाठी शाई लाल ठरली. जगभरचे जुने मीटर-ठसे लाल दिसतात ते या नियमामुळे.

पूर्ण ठशाचे साधारणपणे तीन भाग असतात. उजवीकडे मूल्याचा चौकोन म्हणजे प्रत्यक्ष तिकीट, त्याच्या शेजारी गाव आणि तारीख दाखवणारे वर्तुळ, आणि बहुतेक वेळा डावीकडे कंपनीची जाहिरात किंवा तिचे नाव. तिन्ही भाग एकाच झटक्यात उमटत असले तरी त्यांचा अधिकार सारखा नाही. जाहिरातीचा साचा ग्राहक हवा तेव्हा बदलतो किंवा काढून टाकतो. वर्तुळातले गाव पत्र कुठल्या टपाल कार्यालयाच्या हद्दीतले ते सांगते. मूल्याचा साचा मात्र टपालखात्याने मंजूर केलेल्या नमुन्याचा असतो, तो सीलबंद मीटरमध्ये असतो आणि ग्राहकाला त्यातले एक अक्षरही बदलता येत नाही. म्हणून देश शोधताना नजर प्रथम मूल्याच्या चौकोनावर जायला हवी. झुरिकच्या कंपनीची सुंदर जाहिरात पाहून ठसा स्विस ठरवणे ही नेहमीची चूक. त्याच कंपनीची शाखा म्युनिकला असेल आणि मूल्याच्या चौकोनात जर्मन टपालखात्याचे नाव असेल, तर ठसा जर्मनच.

चौकोनातले नाव बहुधा त्या देशाच्या भाषेत असते. स्वित्झर्लंडमध्ये चार भाषा चालतात, म्हणून तिथे ‘हेल्वेशिया’ हे लॅटिन नाव येते. ‘माग्यार’ दिसले की हंगेरी, ‘सुओमी’ म्हणजे फिनलंड, ‘स्वेरिये’ म्हणजे स्वीडन. स्वतंत्र भारताच्या ठशावर देवनागरीत ‘भारत’ आणि रोमन लिपीत ‘इंडिया’ सापडते. सगळ्यांत लक्षात राहण्यासारखी गोष्ट ब्रिटनची. चिकटवण्याच्या ब्रिटिश तिकिटांवर देशाचे नाव कधीच छापत नाहीत; राजा किंवा राणीची प्रतिमा पुरेशी मानली जाते. त्याच ब्रिटनच्या जुन्या मीटर-ठशांवर मात्र मुकुटाबरोबर ‘ग्रेट ब्रिटन’ अशी स्पष्ट अक्षरे आहेत. तिकिटांवरून सवय झालेला संग्राहक ‘नाव नाही, म्हणजे ब्रिटन’ हे सूत्र ठशांना लावतो आणि फसतो.

मूल्याच्या चौकोनाशेजारी एखादे अक्षर आणि आकडा असतो. ‘पी.बी.’ म्हणजे पिटनी-बोज, ‘एन’ म्हणजे निओपोस्ट, अशी ती अक्षरे पुष्कळदा यंत्राचा कारखाना सांगतात. बर्नची हासलर, बर्लिनची फ्रँकोटिप यांची यंत्रे कित्येक देशांत विकली गेली. त्यामुळे दोन वेगळ्या देशांचे ठसे एकमेकांसारखे दिसू शकतात: तीच चौकट, तसेच आकडे, तेवढेच अंतर. कारखाना ओळखणे यंत्राचा प्रकार ठरवायला उपयोगी पडते, पण देश ठरवण्यात त्याचे मत गौण मानावे.

हे सगळे कसोटीला लागते ते जर्मनीत. विसाव्या शतकात त्या देशाचे टपाल इतक्या हातांतून गेले की नुसते नाव वाचून भागत नाही. हिटलरच्या काळातल्या अनेक साच्यांवर ‘डॉइचेस राइश’ या अक्षरांबरोबर गरुड आणि स्वस्तिक होते. 1945 च्या पराभवानंतर नवे साचे लगेच मिळणे शक्य नव्हते, पण टपाल तर चालू ठेवायचे होते. म्हणून जुन्या साच्यांतले स्वस्तिक खरवडून काढले आणि यंत्रे तशीच वापरली. अशा ठशात गरुडाच्या पायाशी कोरी जागा किंवा शाईचा बेढब डाग दिसतो. साचा राइशचा, पण त्याला मान्यता देणारी सत्ता आता दोस्त राष्ट्रांची. इथे तारीख वाचल्याशिवाय निष्कर्ष काढताच येत नाही.

खरी गुंतागुंत ‘डॉइचे पोस्ट’ या नावाची. युद्धानंतरच्या वर्षांत हे नाव पश्चिम आणि पूर्व दोन्ही भागांत चालले. 1950 मध्ये पश्चिम जर्मनीच्या टपालखात्याने ‘डॉइचे बुंडेसपोस्ट’ हे नाव घेतले, तर पूर्व जर्मनीचे खाते ‘डॉइचे पोस्ट’च राहिले. 1990 मध्ये दोन्ही जर्मनी एक झाले. 1995 मध्ये बुंडेसपोस्टची कंपनी झाली आणि तिचे नाव पुन्हा ‘डॉइचे पोस्ट’ पडले. म्हणजे तेच दोन शब्द तीन वेगळ्या राजवटींचे असू शकतात.

समजा, हातात एक लाल ठसा आला. मूल्याच्या चौकोनात ‘डॉइचे बुंडेसपोस्ट’ आणि आकडा 080. वर्तुळात 2000 हॅम्बुर्ग. तारखेतले वर्ष पुसट आहे. ‘बुंडेसपोस्ट’ या शब्दामुळे देश ठरला: पश्चिम जर्मनी किंवा एकीकरणानंतरची पहिली काही वर्षे. आता वर्तुळाला विचारू. जर्मनीत आधी दोन आकडी टपाल क्रमांक होते, पश्चिमेत चार आकडी क्रमांक साठच्या दशकाच्या सुरुवातीला आले आणि 1 जुलै 1993 ला ते पाच आकडी झाले. म्हणजे ठसा त्या दरम्यानचा. एकीकरणानंतर पाच आकडी होईपर्यंत पश्चिमेच्या क्रमांकाआधी ‘डब्ल्यू’ आणि पूर्वेच्या आधी ‘ओ’ लिहायची पद्धत होती. इथे ते अक्षर नाही, म्हणून ठसा 1990 आधीचा असण्याची शक्यता वाढते. तरी त्यावर सगळा भार टाकू नये. मग मूल्य. 080 म्हणजे 80 फेनिग. आकड्याची चाके ठरलेली असल्याने आधी शून्य येते आणि कोणी पुढे आकडा घालून मूल्य वाढवू शकत नाही. साध्या पत्राचा दर पश्चिम जर्मनीत 1982 ते 1989 या काळात 80 फेनिग होता, त्यानंतर तो एक मार्क झाला. लिफाफा साध्या पत्राच्या आकाराचा असेल, तर पुसट वर्षही बऱ्यापैकी नेमके सापडले.

आता चौकोनातले ‘बुंडेस’ काढून टाका. ‘डॉइचे पोस्ट’, आणि वर्तुळात चार आकडी क्रमांक. पूर्व जर्मनीतही 1965 पासून चार आकडी क्रमांक होते. त्यामुळे आकडे मोजून पूर्व-पश्चिम कळत नाही, पण नाव आणि आकडे एकत्र वाचले की उत्तर पूर्व जर्मनी. पाच आकडी क्रमांकाबरोबर तेच नाव असेल तर ती 1995 नंतरची कंपनी. मूल्य युरोत, ‘0,55’ असे स्वल्पविराम घालून लिहिलेले असेल तर शंकाच नको. दशांशासाठी टिंबाऐवजी स्वल्पविराम ही युरोपच्या मुख्य भूमीवरची खूण ब्रिटनचा ठसा वेगळा काढायलाही कामी येते.

2004 पासून जर्मनीत ‘फ्रँकिट’ नावाची नवी पद्धत आली. तिचा ठसा निळा, आणि त्यात ठिपक्यांचा चौकोनी द्विमितीय कोड. तो कोड कार्यालयीन वाचकयंत्रासाठी असतो, आपल्या डोळ्यांना त्यातून काही मिळत नाही. अशा ठशांत देश ओळखायचा तो शेजारी छापलेल्या नावावरून आणि टपालशिंगाच्या चिन्हावरून. भारतातही आता संगणकाने दुरून नियंत्रित होणारी यंत्रे आली असून त्यांच्या ठशांतही असा कोड असतो. लाल रंग पाहून ‘हा मीटरचा ठसा’ म्हणण्याची जुनी सोय आता पुरती उरलेली नाही.

भारतीय ठशांत मूल्याचे एकक हा मोठा साक्षीदार आहे. 1 एप्रिल 1957 ला दशमान नाणी आली, त्याआधी आणे आणि पै. त्यानंतर 1964 पर्यंत ‘नये पैसे’, मग नुसते पैसे. आण्यातले मूल्य आणि मुकुट असेल तर ब्रिटिश अमदानीचा विचार करावा. अशोकस्तंभाचे सिंह असतील तर प्रजासत्ताकाच्या काळाचा.

सगळ्या खुणा असूनही कधीकधी नाव वाचता येत नाही. शाई कमी पडलेली असते, लिफाफा जाड असल्याने साचा एका कडेला दाबला गेलेला असतो. मग चौकोनाची चौकट, आकड्यांची धाटणी आणि त्यांच्यातले अंतर घेऊन संदर्भसूचीतले नमुने ताडून पाहावे लागतात. जोएल हॉकिन्स आणि रिचर्ड स्टॅम्बॉ यांची जगभरच्या मीटर-ठशांची सूची 2005 मध्ये आली, तिच्यात ठसे देशवार लावले आहेत. पण सूचीसुद्धा तुमच्या हातातला ठसा पूर्ण असेल तेव्हाच नीट बोलते.

म्हणून एक विनंती. घरात आजोबांची, काकांची परदेशातली पत्रे असतील, तर तिकिटांच्या सवयीने मूल्याचा चौकोन कापून ठेवू नका. वर्तुळ, जाहिरात, परवान्याचा क्रमांक, लिफाफ्याचा आकार, मागच्या बाजूचा पोहोचल्याचा शिक्का, हे सारे मिळूनच ठसा वाचला जातो. लिफाफा आहे तसा, घडी न घालता, उन्हापासून दूर ठेवा.