कंपनी तुमची, नाव कुणाचं?

नवी कंपनी काढणाऱ्यांना ट्रेडमार्क सल्लागाराकडून जे मेल जातात, त्यांतल्या एकाचा मजकूर बहुतेक वेळा सारखाच असतो: ‘कंपनी नोंदणीचा दाखला हातात आला म्हणून ते नाव पाकिटावर, पाटीवर किंवा ॲपवर वापरायचा हक्क मिळाला असं समजू नका.’ हे वाचून संस्थापक गोंधळतात. सरकारनेच नाव मंजूर केलं असेल, तर आता हरकत कोण घेणार?

मेलमधलं उदाहरण साधं असतं. समजा, पुण्यातल्या दोन मैत्रिणींनी भाजणी आणि पिठं विकायला ‘अन्नछाया फूड्स प्रायव्हेट लिमिटेड’ काढली. कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर नाव मंजूर झालं, दाखला आला, बँकेत खातं उघडलं आणि ‘अन्नछाया’ छापलेली हजारो पाकिटंही आली. तिकडे सांगलीत कुणी गेली काही वर्षं ‘अन्नछाया’ नावानेच मसाले विकतंय आणि त्याची ट्रेडमार्क नोंदणीही आहे. पीठ आणि मसाले ट्रेडमार्कच्या एकाच वर्गात, म्हणजे 30 मध्ये येतात. दुकानातही ते शेजारी-शेजारीच मांडलेले असतात. सांगलीच्या वकिलाची नोटीस आली, की पाकिटं बाजारातून काढून घ्यायची वेळ येते.

दाखला इथे ढाल होत नाही, कारण दोन कायद्यांचं काम वेगळं आहे. कंपनी कायदा नाव मंजूर करताना नोंदवलेल्या ट्रेडमार्ककडेही बघतो, पण ती चाळणी जाड असते. थोड्या फरकाची नावं तिच्यातून सुटतात. ग्राहकाची फसगत होते का, हे शेवटी दिवाणी न्यायालय ठरवतं. नोंदवलेला ट्रेडमार्क त्याच मालाच्या धंद्यासाठी कंपनीच्या नावात वापरणं हेही 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 29 नुसार उल्लंघनच आहे.

याचा मुंबईतला गाजलेला खटला म्हणजे महिंद्रा अँड महिंद्राचा. ‘महेंद्र अँड महेंद्र पेपर मिल्स’ नावाची कंपनी शेअर विक्रीला आणणार असं दिसताच महिंद्राने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. पेपर मिलचं म्हणणं होतं, की आमचा धंदा वेगळा आणि आमचा माल त्यांच्या मालाशी जुळत नाही. तरीही उच्च न्यायालयाने त्या नावाला अंतरिम मनाई केली आणि 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. अनेक दशकं वापरलेल्या नावाला लोकांच्या मनात खास ओळख मिळालेली असते आणि सारखं नाव दिसलं की दोन्ही कंपन्या एकाच घरातल्या वाटतात, हा त्यामागचा विचार.

मात्र महिंद्राएवढं नाव प्रत्येकाचं नसतं. सांगलीच्या मसालेवाल्याने पुण्यातल्या सायकल दुकानाचं ‘अन्नछाया’ नाव बंद करायचं म्हटलं, तर त्याला ते बहुधा जमणार नाही. वेगळा माल, वेगळे ग्राहक आणि फारसं प्रसिद्ध नसलेलं नाव असेल, तर दोघंही नांदू शकतात.

न्यायालयाखेरीज आणखी एक दार आहे आणि संस्थापकांना ते क्वचितच माहीत असतं. कंपनी कायद्याच्या कलम 16 नुसार, कंपनीची नोंदणी झाल्यापासून 3 वर्षांच्या आत नोंदणीकृत ट्रेडमार्कचा मालक रीजनल डायरेक्टरकडे अर्ज करू शकतो. नाव बदलायचा आदेश निघाला, की कंपनीला 3 महिने मिळतात. तेवढ्यात बदललं नाही, तर कंपनीचं नावच ‘ओआरडीएनसी’ ही अक्षरं, आदेशाचं वर्ष, अनुक्रमांक आणि कंपनीचा ओळख क्रमांक असं होऊन बसतं. आदेश पाळला नाही, असा त्या अक्षरांचा अर्थ. पत्रव्यवहारात आणि करारांवर हेच नाव मिरवावं लागतं. अशा कंपनीशी नवा गुंतवणूकदार व्यवहार करायला कचरणार, हे उघड आहे. 3 वर्षं उलटली म्हणून धोका टळत नाही, कारण दिवाणी दाव्याची वाट मोकळीच असते.

म्हणून मेलच्या शेवटी पाकिटं छापण्याआधीची कामं लिहिलेली असतात. ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर मोफत शोध घेता येतो. तिथे हुबेहूब नाव शोधून थांबायचं नाही. Phonetic हा पर्यायही वापरायचा, म्हणजे उच्चारात जवळची नावंही दिसतात. आपल्या मालाच्या वर्गासोबत शेजारचे वर्गही बघायचे: पीठ विकणाऱ्याने 30 बरोबर किरकोळ विक्रीचा 35 आणि उपाहारगृहाचा 43 हे वर्ग तपासावेत.

एवढं करूनही एक फट राहते. नोंदणी न करता वर्षानुवर्षं नाव वापरणारा माणूस या शोधात दिसतच नाही, पण आधीच्या वापराच्या जोरावर तो न्यायालयात जाऊ शकतो. त्याला शोधायचं तर बाजारात, ऑनलाइन दुकानांत आणि घाऊक व्यापाऱ्यांकडे चौकशी करायला हवी.

नाव मोकळं दिसलं, की आपला अर्ज लगेच भरावा. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग यांना ऑनलाइन अर्जाचं सरकारी शुल्क एका वर्गासाठी 4,500 रुपये आहे, इतर कंपन्यांना 9,000. पहिली विक्री झाल्याच्या दिवसाचं बिल आणि पाकिटाचा फोटो जपून ठेवावा. उद्या नाव आधी कुणी वापरलं असा प्रश्न उठला, तर पुरावा म्हणून तोच लागतो.