किंमत तीच, पाटी वेगळी

न्यूयॉर्कमधल्या एका केशकर्तनालयाची कल्पना करा. केस कापण्याचे रोखीने दहा डॉलर आणि क्रेडिट कार्डाने दहा डॉलर तीस सेंट पडतात. ही गोष्ट पाटीवर दोन प्रकारे लिहिता येते. ‘दर १० डॉलर, कार्डाने पैसे दिल्यास ३० सेंट जादा’ किंवा ‘दर १० डॉलर ३० सेंट, रोखीने पैसे दिल्यास ३० सेंट सूट’. दोन्ही पाट्यांचा हिशेब पैशापैशाने जुळतो. तरीही पहिली पाटी वाचून कार्ड काढणाऱ्याचा हात थबकतो. दुसरी वाचून तो सहसा थबकत नाही.

हा फरक क्रेडिट कार्ड कंपन्यांनी फार पूर्वी हेरला होता. कार्डाच्या प्रत्येक व्यवहारावर दुकानदाराला शुल्क द्यावे लागते. ते ग्राहकाकडून वसूल करायची मुभा दुकानदारांना मिळावी का, यावर अमेरिकेत सत्तरच्या दशकात वाद झाला. १९७४ च्या कायद्याने रोखीवर सूट देण्यास मोकळीक मिळाली. १९७६ मध्ये मात्र कार्डावर अधिभार लावण्यास बंदी आली आणि ती १९८४ पर्यंत टिकली. दोन दर ठेवायचेच असतील, तर कार्डाचा दर मूळ आणि रोखीचा दर सवलतीचा म्हटला जावा, असा कार्ड कंपन्यांचा आग्रह होता. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८० च्या आपल्या निबंधात हेच उदाहरण घेतले आणि त्यामागचे कारण सांगितले.

ते कारण डॅनिएल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांच्या १९७९ च्या सिद्धान्तात आहे. आपण रक्कम एकटी तोलत नाही. मनात एक आधारबिंदू धरतो आणि तिथून किती मिळाले, किती गेले हे पाहतो. पाटीवर आधी लिहिलेला दर हा आपसूकच आधारबिंदू होतो. दहा डॉलर हा मूळ दर मानला, तर कार्डाचे तीस सेंट खिशातून गेलेले वाटतात. दहा डॉलर तीस सेंट हा मूळ दर मानला, तर तेच तीस सेंट म्हणजे फक्त हुकलेला फायदा. आणि गमावल्याची सल ही तेवढेच मिळाल्याच्या आनंदापेक्षा जास्त असते. ती सुमारे सव्वादोन पट भरते, असा अंदाज या दोघांनी १९९२ मध्ये मांडला. हा आकडा माणसागणिक आणि प्रसंगागणिक बदलतो.

हा परिणाम प्रत्यक्ष व्यवहारात दिसतो का? अर्थशास्त्रज्ञांनी तो आपल्याच बिरादरीवर तपासला. एका परिषदेच्या नोंदणीसाठी लवकर आणि उशिरा भरायच्या रकमा सर्वांना सारख्याच होत्या. मात्र काहींना लवकर भरल्यास सूट असल्याचे कळवले, तर काहींना उशीर केल्यास दंड असल्याचे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, सूट वाचलेल्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांपैकी ६७ टक्क्यांनी मुदतीत नोंदणी केली. दंड वाचलेल्यांपैकी ९३ टक्क्यांनी. ज्येष्ठ अर्थतज्ज्ञांमध्ये मात्र असा फरक आढळला नाही. म्हणजे शब्दांची ही जादू सगळ्यांवर सारखी चालत नाही.

‘अधिभार’ म्हणण्यावरची बंदी न्यूयॉर्कसारख्या राज्यांत पुढेही राहिली. २०१७ मध्ये केशकर्तनालयासह काही व्यावसायिकांचे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आले. दुकानदाराने किती पैसे घ्यावेत हे तो कायदा ठरवत नाही, तर आपली किंमत त्याने कशी सांगावी हे ठरवतो. म्हणून त्याचा विचार अभिव्यक्तीच्या दृष्टीने व्हायला हवा, असे न्यायालयाने म्हटले. पाटीवरच्या एका शब्दासाठी एवढा लढा होण्याचे कारण म्हणजे त्या शब्दावर ग्राहकाचे कार्ड खिशातून निघणे, न निघणे अवलंबून होते.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. दोन्ही रकमा आधीच स्पष्ट असतील, तर मांडणी वेगळी असली तरी ती फसवणूक नाही. पण दारावर दहा डॉलर लिहून गल्ल्यावर अचानक तीस सेंट वाढवले, तर ती माहिती दडवणे झाले. तिथला राग रास्तच असतो.

आपल्यावर मांडणीचा परिणाम होतो आहे का, हे ओळखायची एक सोपी रीत आहे. शाळेच्या शुल्काची नोटीस असो वा विम्याचा हप्ता, ‘सूट’, ‘दंड’, ‘अधिभार’ हे शब्द खोडून दोन्ही पर्यायांत शेवटी किती रुपये जाणार ते कागदावर लिहावे. मग तीच नोटीस उलटी करून वाचावी: सुटीच्या जागी दंड, दंडाच्या जागी सूट. रकमा तशाच राहूनही निर्णय बदलत असेल, तर तो निर्णय रकमेने घेतलेला नाही, शब्दाने घेतलेला आहे.